पोटातला पीळ: गॅस समजून थांबलेले चार दिवस

"चार दिवस झाले डॉक्टर, आजोबांचं पोट साफ झालेलं नाही. गॅस धरला असेल म्हणून ओव्याचं पाणी दिलं, काल रात्री एरंडेल दिलं. तरी काही नाही," स्ट्रेचरशेजारी उभ्या असलेल्या सूनबाई सांगत होत्या. आजोबा 81 वर्षांचे, पार्किन्सनचे जुने रुग्ण, वर्षभर बहुतेक वेळ पलंगावरच. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. नीट पाहिल्यावर लक्षात येत होतं की ते सगळीकडे सारखं फुगलेलं नाही, उजवीकडे वरच्या बाजूला जास्त उंच आहे. बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येत होता. आजोबा मात्र कण्हतही नव्हते.

हा सिग्मॉइड व्हॉल्व्युलस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला बसलेला पीळ. आजोबांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घरच्यांची वाक्यं तशीच ठेवली आहेत. कारण त्या प्रत्येक वाक्यात एक गैरसमज होता, आणि तो फक्त या एका घरातला नव्हता.

"गॅसच आहे, निघून जाईल"

गॅस होता हे खरंच. प्रश्न तो कुठे अडकला हा होता. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डाव्या ओटीपोटात वळण घेऊन गुदाशयाला मिळतो. त्या वळणाला सिग्मॉइड म्हणतात. तो पोटाच्या मागच्या भिंतीशी एका पडद्याने बांधलेला असतो आणि रक्तवाहिन्या त्या पडद्यातूनच येतात. वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ असलं की हे वळण लांबतं, सैल होतं. त्याची दोन टोकं मात्र जवळजवळच राहतात. झोपाळ्याची दोरी वर एकाच कडीला अडकवली आणि खालचा पाट मोठा असला, तर झोपाळा गरकन फिरतो. तसंच हे आतडं स्वतःभोवती फिरतं. अर्ध्या वेढ्याच्या पुढे गेलं की वाट बंद होते, पूर्ण वेढा पडला की रक्तपुरवठा धोक्यात येतो. अंथरुणाला खिळलेली, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेली, आतड्याची हालचाल मंदावणारी औषधं घेणारी म्हातारी माणसं याला जास्त बळी पडतात. आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारताच्या पट्ट्यात हा आजार त्यामानाने तरुण पुरुषांतही दिसतो. पण घरच्यांना चकवा मिळतो तो वृद्धांमध्ये.

पीळ पडलेला भाग दोन्ही टोकांनी बंद असतो. त्यात वायू साठत जातो आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते. अशा वेळी दिलेलं एरंडेल अडथळ्याच्या वरचं आतडं जोराने ढकलतं, खालचं दार मात्र बंदच राहतं. त्यामुळे फुगवटा आणि उलट्याच वाढतात. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळणं तर याहून वाईट, कारण आतल्या ताणलेल्या भिंतीला तो दाब सोसेलच असं नाही.

"दुखत नाही ना, आणि थोडं पातळ झालंय"

आजोबांना आदल्या दिवशी दोनदा थोडं पातळ झालं होतं, त्यामुळे वाट मोकळी आहे असं घरच्यांना वाटलं. पिळाच्या खाली गुदाशयात आधीपासून उरलेला मळ किंवा चिकट स्राव बाहेर पडू शकतो. त्यावरून वरच्या भागाची स्थिती कळत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वारा सरतोय का? चोवीस तास तोही नसेल आणि पोट फुगत असेल, तर थांबायचं नाही.

वेदनेवर तर अजिबात भरवसा ठेवू नये. तरुण माणूस अशा पोटाने लोळेल. पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेला माणूस जेवण नाकारतो, गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो, एवढंच. त्यातच, वेदना नाहीत म्हणून निर्धास्त राहिलं आणि नंतर पोट दगडासारखं कडक झालं, ताप चढला, नाडी धावू लागली, तर आतडं काळं पडलेलं असू शकतं. पिळात आधी शिरा दबतात, कारण त्यांच्यातला दाब कमी असतो. रक्त आत येत राहतं, पण परत जाऊ शकत नाही. आतड्याची भिंत सुजते, ताण वाढतो आणि मग धमन्याही बंद पडतात. हा प्रवास किती तासांचा, ते वेढा किती घट्ट बसला यावर ठरतं, आणि बाहेरून ते सांगता येत नाही.

"साध्या एक्स-रेत आतडं कुठे दिसतं?"

हे वाक्य आजोबांच्या मुलाचं. त्यांना थेट सीटी हवा होता. एक्स-रेत हाडंच दिसतात हा समज जुना आहे. आतडं खरोखरच पुसट दिसतं, पण त्यातली हवा काळी दिसते, आणि या आजारात हवा हीच साक्षीदार असते.

आजोबांचा एक्स-रे पलंगावर झोपवूनच काढला. त्यात ओटीपोटातून निघालेली, जाडजूड काळी कमान वर थेट यकृताच्या आसपासपर्यंत पोहोचलेली होती. सायकलची ट्यूब पूर्ण फुगवून मधोमध दुमडली, तर जसा आकार होईल तसा. दुमडलेल्या दोन बाजू जिथे एकमेकींना चिकटतात तिथे दोन भिंतींची मिळून एक पांढरी रेघ उमटते आणि ती खाली ओटीपोटात, पिळाच्या जागेकडे उतरते. मधली चीर असलेलं कॉफीचं बी जसं दिसतं तसं ते दिसतं, म्हणून डॉक्टर त्याला 'कॉफी बीन' म्हणतात. निरोगी मोठ्या आतड्यावर असणाऱ्या आडव्या घड्या या कमानीवर जवळपास नसतात, कारण भिंत फुग्यासारखी ताणलेली असते. गुदाशयात हवा नसते किंवा नावालाच असते. ही चार चिन्हं एकत्र दिसली की निदानात फारशी शंका उरत नाही.

पण साध्या एक्स-रेलाही मर्यादा आहेत. कमान नेहमी इतकी बोलकी नसते. वरचं आतडंही फुगलेलं असेल तर हवेच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि चित्र गोंधळतं. आतड्याची नुसतीच हालचाल मंदावल्यानेही पोट असंच फुगतं, तेव्हा हवा बऱ्याचदा गुदाशयापर्यंत पोहोचलेली दिसते. उजवीकडच्या सिकमला पीळ पडला तर त्याचा उपचार वेगळा, कारण तिथे दुर्बीण सहसा उपयोगी पडत नाही. शंका उरली किंवा आतडं मेलं असेल असं वाटलं, तर सीटी करायलाच हवं. त्यात पिळाच्या जागी पडदा आणि रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात.

अशा रुग्णांमध्ये एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. आतडं फुटलं असेल तर पोटात सुटलेली हवा झोपवून काढलेल्या एक्स-रेत हुकू शकते. रुग्ण उभा राहू शकत नसेल तर त्याला डाव्या कुशीवर झोपवून आडवा एक्स-रे काढावा लागतो. सुटलेली हवा तेव्हा यकृतावर तरंगताना दिसते. आजोबांचा तसा एक्स-रे काढला. मोकळी हवा नव्हती, पोटही मऊ होतं, आणि त्यामुळे दुर्बिणीचा मार्ग खुला झाला.

"वय झालंय, भूल सोसायची नाही, दुर्बीणही नको"

दुर्बीण घालून पीळ सोडवायचा म्हणजे चिरफाड, असं घरच्यांना वाटत होतं. इथे चीर नसते आणि पूर्ण भूलही लागत नाही. नॉर्वेचे सर्जन ब्रूसगार्ड यांनी 1947 साली गुदमार्गातून सिग्मॉइडोस्कोप आणि नळी घालून पीळ सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. फक्त ताठ नळीच्या जागी बहुतेक ठिकाणी लवचिक दुर्बीण आली.

आधी सलाईनने पाणी भरून काढलं आणि पोटॅशियम तपासलं, कारण ते कमी असेल तर आतडं आणखी सुस्तावतं. मग आजोबांना डाव्या कुशीवर वळवलं. दुर्बीण आत सरकवताना हवा जेमतेम सोडायची, नाहीतर आधीच ताणलेल्या कमानीत तीही अडकते. साधारण 15 ते 25 सेंटीमीटरवर आतड्याच्या घड्या एका बिंदूकडे वळत जाताना दिसतात, पिळलेल्या कपड्याच्या टोकासारख्या. तिथे जोर लावायचा नाही. हळुवार दाबाने दुर्बीण त्या मिटलेल्या वाटेतून सरकली की एकदम आवाज करत वायू आणि पातळ मळ बाहेर येतो. खोलीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, वास कितीही असो. पोट डोळ्यांदेखत बसतं.

त्याआधी आणि त्यानंतरही आतड्याच्या अस्तराचा रंग पाहायचा असतो. गुलाबी असेल तर ठीक. निळसर-काळं दिसलं, रक्ताळलेला स्राव आला, तर तिथेच थांबायचं आणि ऑपरेशनच्या तयारीला लागायचं. मेलेलं आतडं दुर्बिणीने सोडवायला गेलं तर ते फुटतं. पोट कडक असेल, हवा सुटलेली असेल, तर दुर्बिणीचा विचारच करायचा नाही. योग्य रुग्ण निवडले तर हा प्रयत्न वेगवेगळ्या ठिकाणच्या अनुभवात दहापैकी सहा ते नऊ जणांत यशस्वी होतो. शेवटी पिळाच्या पलीकडे एक मऊ रबरी नळी ठेवतात, एक ते तीन दिवस, म्हणजे आतडं लगेच पुन्हा फिरत नाही. ही नळी आजोबांनी रात्री ओढून काढू नये म्हणून मांडीला चिकटपट्टीने बांधली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला. कमान गायब होती.

"सुटलं ना? मग आता घरी नेतो"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पीळ सुटला, पण तो पडायला कारणीभूत ठरलेलं लांब, सैल वळण आणि जवळजवळची टोकं तशीच असतात. नुसती दुर्बीण करून घरी गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त रुग्णांना पीळ पुन्हा पडतो, आणि तो कधी पडेल याचा नेम नसतो. त्या वेळी रुग्ण पुन्हा चार दिवसांनी आणला, तर मधल्या वेळात आतडं काळं पडलेलं असू शकतं. मग तातडीचं ऑपरेशन करावं लागतं, आणि वृद्धांमध्ये त्यातला मृत्यूचा धोका नियोजित ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त असतो.

मी सूनबाईंना सांगितलं, "दुर्बिणीने आजार गेला नाही, ऑपरेशनची तयारी करायला वेळ मिळाला." त्यांनी विचारलं, "या वयात?" त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर हृदय, फुप्फुसं आणि रुग्णाची इच्छा पाहून द्यायचं, जन्मतारीख पाहून नाही. सैल झालेलं हे वळण डाव्या ओटीपोटातल्या लहान छेदातूनही बाहेर काढता येतं. काही रुग्णांमध्ये ते पूर्ण भूल न देता, कमरेत इंजेक्शन देऊनही जमतं. लांबलेला भाग कापून टोकं जोडतात. टोकं जोडणं धोक्याचं वाटलं तर पोटावर शौचाची पिशवी ठेवतात. अंथरुणावरच्या रुग्णाला, ज्याचं आधीच सगळं दुसऱ्याने करायचं आहे, पिशवी सांभाळणं कधीकधी घरच्यांना जास्त सोपं जातं. हे सांगितलं की सुरुवातीला कोणाला पटत नाही.

ऑपरेशन झेपणारच नाही असेही रुग्ण असतात. त्यांच्यात पीळ पुन्हा पडला तर पुन्हा दुर्बीण हाच तोडगा. मग घरच्यांनी बद्धकोष्ठाची औषधं रोज नेमाने द्यायची, वारा सरतो की नाही याची वहीत नोंद ठेवायची आणि पोट फुगलं तर त्याच दिवशी आणायचं.

आजोबांचं ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. काढलेलं आतडं ट्रेमध्ये ठेवलं तेव्हा ते मनगटापेक्षा जाड होतं. मुलाने ते पाहायचं म्हटलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, "एवढं मोठं पोटात मावलं कसं?"