निजामकाळातले कागद आणि दोन भाषा येणाऱ्याचा छोटा व्यवसाय

"आम्हाला दोन भाषा येतात, त्यावर काही धंदा करता येईल का?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर एका उलट प्रश्नात आहे. असं कोणतं काम आहे, जे तुमच्याच गावात येतं आणि करणारे मोजकेच आहेत? व्हिडिओखाली मराठी ओळी देणं हे चांगलं काम आहे, पण ते पुण्यात किंवा दिल्लीत बसूनही कोणी करू शकतं. जालन्यातल्या माणसाकडे त्याहून नेमकं एक काम आहे : निजामकाळातल्या उर्दू कागदांचा मराठी अनुवाद.

जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथला कारभार उर्दूत चाले. त्यामुळे जमिनीच्या नोंदी, खरेदीखतं, इनामाचे मुंतखब हे सगळं उर्दूत, आणि काही जुनं मोडीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. तेव्हा घराघरातल्या पेट्या उघडल्या गेल्या. पण वाटणीच्या, वारसाच्या, कोर्टातल्या दाव्यांसाठी असे कागद त्याआधीही लागत होते आणि पुढेही लागतील.

आता अडचण कुठे येते ते पाहू. उर्दू वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही हा कागद वाचता येईलच असं नाही. तो शिकस्ता वळणात, म्हणजे घाईच्या मोडक्या हस्ताक्षरात असतो आणि त्यात नुक्ते गाळलेले असतात. 'कुणबी' या शब्दातले न आणि ब उर्दूत केवळ नुक्त्यांनी ओळखू येतात, कारण अक्षराचा दात दोन्हींचा सारखाच. शिवाय ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. म्हणून नाव किंवा गाव अंदाजाने वाचायचं नाही. त्याच कागदात तोच शब्द आणखी कुठे आला आहे ते शोधायचं आणि आजच्या सातबाऱ्यावरच्या गावाशी, गटाशी ताडून पाहायचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अंबडचा एक शेतकरी एकपानी दस्त घेऊन येतो. त्यात 'वल्द' म्हणजे अमुकचा मुलगा आणि 'साकिन' म्हणजे राहणार, हे सोपं आहे. तारीख मात्र 'तीर १३५१ फसली' अशी आहे. अनेक जण सरसकट ५९० मिळवून १९४१ लिहून टाकतात. पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्यापासून सुरू होई. तीर हा मे महिन्याच्या आसपासचा, म्हणून इथे ५९१ मिळवायचे, साल १९४२. एक वर्षाने काय बिघडतं? घरात दुसरा दस्त मधल्या काळातला असेल, तर आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हेच उलटं होतं.

दस्ताच्या मथळ्यात 'बै' आहे, म्हणजे विक्री. घाईत 'खरेदीखत' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पुढे मात्र 'बिल वफा' असे दोन शब्द आहेत. बै-बिल-वफा म्हणजे पैसे फेडले की जमीन परत, अशी अट असलेली विक्री. व्यवहारात ते गहाणच. हे दोन शब्द गळाले तर अनुवादात घराची जमीन कायमची विकलेली ठरते. तो हक्क आज उरला आहे की नाही, हे वकील सांगेल, कारण मुदतीचा कायदा आडवा येऊ शकतो. आपलं काम कागदात जे आहे तेच, तेवढंच सांगणं.

म्हणून तीन पावलं पाळा. आधी मूळ मजकूर ओळीला ओळ असा देवनागरीत उतरवा, मग अनुवाद करा. जिथे वाचता आलं नाही तिथे '[अवाच्य]' लिहा, जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह द्या. शेवटी सही करून, भाषांतर मुळाबरहुकूम आहे असं प्रमाणपत्र जोडा. वकिलाने मागितलं तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा. मूळ कागद ताब्यात ठेवू नका. चांगला फोटो घ्या आणि तो परत द्या.

दर शब्दावर लावू नका. पन्नास शब्दांचं शिकस्ता पान अर्धा दिवस खातं. कागद पाहून पानाचा दर सांगा, आणि वाचता येत नसेल तर तसं सांगून परत पाठवा. गिऱ्हाईकाला कुणबी शब्द हवा असतो, पण कागदात तो नसेल तर नाही असंच लिहायचं. एकदा हवं ते लिहून दिलं, तर पडताळणीत तुमची सही असलेला प्रत्येक कागद संशयात येतो आणि धंदा तिथेच संपतो.

शिकायचं कसं? घरचा किंवा ओळखीतला असा कागद निवडा, ज्याचा मराठी उतारा आधीच झालेला आहे. तो झाकून स्वतः वाचा, मग ताडून पाहा. असे वीसेक कागद झाले की तुमचं कुठे चुकतं, ते तुम्हालाच कळू लागेल.