निळं आकाश आणि चौथा घात

सूर्यप्रकाश हवेतल्या रेणूवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन वर-खाली हलू लागतात. प्रत्येक रेणू म्हणजे एक इवलासा कंप पावणारा विद्युत द्विध्रुव.

विद्युतभार नुसता हलून भागत नाही. दूरवर जाणारी लहर त्याच्या त्वरणातून निघते. कंपनाचा पल्ला तोच ठेवून वारंवारता दुप्पट केली, तर त्वरण चौपट होतं. लहरीतलं विद्युतक्षेत्र त्वरणाच्या प्रमाणात, म्हणून तेही चौपट. आणि शक्ती क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे थेट सोळापट! हाच तो ω⁴. निळा 450 नॅनोमीटर आणि लाल 650 धरा: (650/450)⁴, म्हणजे निळा सव्वाचार पटींहून जास्त विखुरतो.

आता दिशा. द्विध्रुव स्वतःच्या अक्षाच्या दिशेने काहीच प्रारण सोडत नाही. आडव्या दिशेला सर्वाधिक, मधल्या कोनांत sin²θ प्रमाणे. आकृती मेदूवड्यासारखी, फक्त मधलं भोक मिटून बिंदूएवढं झालेलं.

हे डोळ्यांनी दिसतं. सूर्य मावळताना पोलरॉइड गॉगलमधून बरोबर डोक्यावरचं आकाश बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. आकाश गडद होतं, मग पुन्हा उजळतं. तिथले जे इलेक्ट्रॉन आपल्याच दिशेने हलतात, त्यांचा प्रकाश आपल्याकडे येतच नाही. उरतो तो एकाच दिशेत कंप पावणारा. धुरकट हवेत हा फरक फिका पडतो.

ढगांना मात्र हे गणित लावू नका. त्यांचे थेंब तरंगलांबीहून कितीतरी मोठे असतात, म्हणून ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि पांढरे दिसतात.