समदाब रेषांत दिसणारे ‘निसर्ग’ वादळ

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वादळ एकच, पण त्याचा वारा सगळीकडे एकाच दिशेने वाहत नव्हता. केंद्राच्या दक्षिणेकडे तो समुद्रावरून जमिनीत घुसत होता, तर उत्तरेकडे जमिनीवरून समुद्राकडे जात होता. हवामानाच्या नकाशावरच्या समदाब रेषा वाचता आल्या, की कुठे कसा वारा असेल हे घरबसल्या ताडता येते.

हवेचा दाब सारखा असलेली ठिकाणे जोडली, की समदाब रेषा तयार होते. रेषेवरचा आकडा हेक्टोपास्कलमध्ये असतो. पूर्वी याच एककाला मिलीबार म्हणत. भारतीय हवामान खात्याच्या नकाशांवर दोन शेजारच्या रेषांत सहसा २ हेक्टोपास्कलचा फरक असतो.

मात्र रेषा काढण्याआधी एक हिशेब करावा लागतो. समुद्रसपाटीजवळ दर आठेक मीटर वर गेले, की दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने उतरतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला वायुभारमापक मुंबईपेक्षा साठ-पासष्टने कमी दाब दाखवतो. तोच आकडा नकाशावर मांडला, तर सह्याद्रीवर बारमाही महावादळ दिसेल. म्हणून प्रत्येक केंद्राचा दाब आधी समुद्रसपाटीला आणतात आणि मगच रेषा ओढतात.

नकाशा हाती आला, की सर्वांत आधी बंद वळी शोधावीत. वळे स्वतःभोवती मिटलेले असेल आणि आतला आकडा बाहेरच्यापेक्षा लहान असेल, तर ते कमी दाबाचे क्षेत्र. आतला आकडा मोठा असेल तर जास्त दाबाचे. नुसत्या आकारावरून हे कळत नाही, आकडे वाचावेच लागतात. जमिनीवरच्या प्रणालींची प्रतवारी हवामान खाते चक्क ही वळी मोजून करते. एक बंद रेषा असेल तर कमी दाबाचे क्षेत्र, दोन असतील तर अवदाब, तीन असतील तर तीव्र अवदाब.

‘निसर्ग’च्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरला होता. बाहेरचा दाब १००४ धरला, तर मधे दहा रेषा बसवाव्या लागतात, आणि केंद्राजवळ त्या एकमेकींना जवळजवळ चिकटतात. थोड्या अंतरात दाबाचा मोठा फरक, म्हणजे हवेला मोठा रेटा. रेषा दाट तिथे वारा जोराचा, विरळ तिथे मंद.

आता दिशा. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते खरी, पण ती सरळ जात नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि अखेर समदाब रेषांच्या जवळजवळ समांतर वाहू लागते. डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी १८५७ मध्ये यावरून सोपा नियम दिला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वारा थोडा आत, कमी दाबाकडे झुकतो. हा झुकाव समुद्रावर कमी आणि खडबडीत जमिनीवर जास्त असतो.

हा नियम त्या दुपारला लावून पाहावा. केंद्र रायगडच्या किनाऱ्यावर असताना मुंबई त्याच्या उत्तरेला होती. मुंबईकराच्या डाव्या हाताला दक्षिण यायची, तर त्याचे तोंड पश्चिमेला आणि पाठ पूर्वेला हवी. म्हणजे वारा पूर्वेचा, आणि आतला झुकाव धरला तर ईशान्येचा. असा वारा समुद्राचे पाणी शहराकडे लोटत नाही. रत्नागिरी केंद्राच्या दक्षिणेला, म्हणून तिथे सगळे उलट: वारा पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा. पुढे वादळ ईशान्येकडे सरकले आणि केंद्र मुंबईच्या पूर्वेला गेले, तेव्हा याच नियमाने मुंबईचा वारा उत्तरेकडे आणि मग वायव्येकडे फिरायला हवा. एका जागी उभे राहून वाऱ्याची बदलती दिशा टिपली, तरी वादळ कोणत्या बाजूने पुढे जात आहे हे उमगते.

हा नियम सगळीकडे चालत नाही. विषुववृत्ताजवळ हवेला वळवणारे बल इतके क्षीण असते, की रेषांवरून दिशा सांगणे धोक्याचे ठरते. रेषा विरळ असताना किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात, ते या नकाशावर दिसतच नाहीत. उंच पठारांवर समुद्रसपाटीचा हिशेब अंदाजाने केलेला असतो, त्यामुळे तिथल्या एखाद्या विचित्र वळणावर लगेच विश्वास ठेवू नये; शेजारच्या केंद्रांवर नोंदवलेला वारा त्याच्याशी जुळतो का, ते आधी पाहावे.

आणखी एका गोष्टीने नवखा वाचक हमखास फसतो. आपल्याकडे कोणतेही वादळ नसतानाही दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे नकाशावरच्या दीड-दोन रेषांइतका. सकाळचा नकाशा संध्याकाळच्या नकाशाशेजारी ठेवला, तर सगळीकडेच दाब घसरल्याचा भास होतो. म्हणून सकाळी साडेआठचा नकाशा आदल्या दिवशीच्या साडेआठच्या नकाशाशीच ताडून पाहतात. चोवीस तासांत एखाद्या पट्ट्यात दाब आजूबाजूपेक्षा जास्त उतरला असेल, तर कमी दाबाची प्रणाली बहुधा तिकडेच सरकत असते.