जामसांवली मध्य प्रदेशात, चंदगड महाराष्ट्रात: राज्यांची सीमा ठरते कशी?

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौसर तालुक्यात जामसांवली लागते. निद्रिस्त हनुमानाच्या मूर्तीमुळे हे गाव विदर्भातल्या भाविकांना चांगलेच परिचित आहे. गावात आणि आसपासच्या संत्र्यांच्या पट्ट्यात मराठी सर्रास बोलली जाते, राज्य मात्र मध्य प्रदेश. बारावीच्या नागरिकशास्त्रात सीमावादावर प्रश्न आला की विद्यार्थी बेळगावपासून सुरुवात करतात. उत्तराचा पाया पक्का करायचा असेल, तर आधी जामसांवलीकडे पाहिलेले बरे.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि क. मा. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली अहवाल दिला. सीमा आखताना आयोगाने शक्यतो जिल्हा हाच घटक धरला. पुढे 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने जुन्या मध्य प्रदेशातील बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात घातले. छिंदवाडा त्या यादीत नव्हता, म्हणून सौसर आणि पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही जिल्ह्याबरोबर मागेच राहिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ही रेषा अमलात आली.

हा नियम अपवादरहित मात्र नव्हता. त्याच कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यास दिला, पण चंदगड तालुका त्यातून वगळून मुंबई राज्यात ठेवला. एका ठिकाणी जिल्हा अखंड, दुसऱ्या ठिकाणी तालुका वेगळा. बेळगावच्या वादाचे बीज या विसंगतीतही आहे: चंदगड वेगळा काढता येतो, तर खानापूर का नाही?

1957 मध्ये मुंबई राज्याने केंद्राकडे मागणी मांडली ती वेगळ्या मोजपट्टीने. घटक खेडे असावे, ते आपल्या भाषेच्या प्रदेशाला भौगोलिकदृष्ट्या लागून असावे, तेथे त्या भाषेचे सापेक्ष बहुमत असावे आणि लोकेच्छा विचारात घ्यावी. शब्द कोरडे वाटतात, पण त्यांचा परिणाम मोठा असतो. समजा एका गावात दोन हजार लोक आहेत. नऊशे मराठी, सातशे कन्नड आणि चारशे उर्दू भाषक. निम्म्याहून अधिक असे बहुमत कोणाचेच नाही, कारण मराठी भाषक पंचेचाळीस टक्केच आहेत. सापेक्ष बहुमत धरले तर गाव मराठी ठरते. आता हेच गाव चहूबाजूंनी कन्नड गावांनी वेढलेले असेल, तर संलग्नतेच्या कसोटीवर ते उतरत नाही. आणि घटक म्हणून तालुकाच धरला, तर या गावाची स्वतंत्र मोजणीच होत नाही. म्हणजे वाद पुष्कळदा जनगणनेच्या आकड्यांवर नसतोच. आकडे कोणत्या चौकटीत बसवायचे, यावर असतो.

खेडे हा घटक धरून वाद मिटल्याचे उदाहरण त्या काळी डोळ्यासमोर होते. आंध्र आणि मद्रास यांच्यात सीमेवरील गावांवरून तंटा होता. दोन्ही राज्यांनी मध्यस्थ म्हणून हरि विनायक पाटसकर यांना मान्य केले. योगायोग असा, की हे मराठी गृहस्थ तेव्हा मध्य प्रदेशाचे, म्हणजे जामसांवलीच्याच राज्याचे, राज्यपाल होते. त्यांनी सुचविलेली गावांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी स्वीकारली, संसदेने 1959 मध्ये तसा कायदा केला आणि 1 एप्रिल 1960 पासून नवी सीमा लागू झाली. पाटसकरांच्या शब्दाला स्वतःचे कायदेशीर बळ नव्हते. दोन्ही पक्षांच्या संमतीने आणि नंतर संसदेच्या कायद्याने ते बळ आले.

बेळगावात नेमकी ही संमतीच मिळाली नाही. 1960 मध्ये महाराष्ट्र आणि म्हैसूर यांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधींची चार सदस्यीय समिती नेमली, पण तिच्यात एकमत झाले नाही. मग 1966 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. 1967 च्या त्याच्या अहवालाने काही गावे महाराष्ट्राला, काही म्हैसूरला देण्याचे सुचविले, परंतु बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. कारवार, सुपा आणि हल्याळवरील महाराष्ट्राच्या दाव्याचीही निराशा झाली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटक आजही त्याचाच आधार घेते.

परीक्षेत सर्वाधिक चूक इथे होते. ‘महाजन निवाडा’ असा शब्द विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात, आणि काही मार्गदर्शिकाही. तो निवाडा नव्हता, शिफारस होती. लवादाचा निवाडा पक्षांवर बंधनकारक असतो, कारण तो मानण्याचे त्यांनी आधीच कबूल केलेले असते किंवा कायद्याने तसे ठरविलेले असते. 1965 मध्ये भारत व पाकिस्तान यांनी कच्छच्या रणाचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे सोपविला, तेव्हा निर्णय पाळण्याची हमी करारातच होती. 19 फेब्रुवारी 1968 च्या निवाड्याने रणाचा सुमारे एकदशांश वादग्रस्त भाग पाकिस्तानला मिळाला आणि भारताने नाराजी बाजूस ठेवून तो अमलात आणला. गोव्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हादईचे. तेथील लवाद आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखाली नेमलेला असून त्याच्या निर्णयाला त्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाचा दर्जा दिला आहे. राज्यांच्या सीमांसाठी असा कायम लवाद नेमणारा कायदा नाही. पाण्याला जी वाट आहे, ती जमिनीला नाही.

राहिले न्यायालय. घटनेच्या अनुच्छेद 131 प्रमाणे दोन राज्यांतील कायदेशीर हक्काचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो. त्या आधारे महाराष्ट्राने 2004 मध्ये दावा दाखल केला आणि 865 गावांवर हक्क सांगितला. कर्नाटकाचा मुख्य आक्षेप असा, की अनुच्छेद 3 प्रमाणे सीमा बदलण्याचा अधिकार केवळ संसदेचा, न्यायालयाने त्यात पडू नये. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. बाबूलाल पराते खटल्यात 1959 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते, की राष्ट्रपतींनी संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. विधेयकात नंतर बदल झाला तरी ते पुन्हा विधिमंडळाकडे पाठवावे लागत नाही. मात्र संसदेने केलेली विभागणी समानतेच्या तत्त्वाला धरून आहे का, हा प्रश्न उपस्थित करता येतो, असे महाराष्ट्राचे म्हणणे. चंदगड आणि खानापूर यांना वेगळी मोजपट्टी का, हा जुना प्रश्न त्यात नव्याने उभा राहतो. न्यायालयाने महाराष्ट्राचे म्हणणे मान्य केले, तरी नकाशा प्रत्यक्ष बदलण्यासाठी संसदेचा कायदा टाळणे अवघडच.

जामसांवलीच्या बाबतीत दावा दाखल झाला नाही, आयोगही नेमला गेला नाही. गाव मात्र एकदा हलले, तेही इतक्यात. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौसर त्यात गेले. त्यासाठी संसदेची गरज पडली नाही. राज्य सरकारची अधिसूचना पुरली. एका राज्याच्या आतली रेषा राज्य सरकार हलवू शकते, दोन राज्यांमधली नाही. बेळगावची रेषा ज्या प्रकरणात अडकली आहे, ते प्रकरण प्रलंबित असताना डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मान्य केले, की निकाल येईपर्यंत कोणीही नवा दावा करणार नाही आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती वाटाघाटी करेल.