रुजू झाल्याची नेमकी तारीख

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला मेकॅनिकल इंजिनिअर ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार व्हिसासाठी अर्ज करतोय. ‘जुलै २०१८ ते जुलै २०२१ पहिली नोकरी, त्यानंतर आजतागायत दुसरी’ अशी कामाची माहिती तो एका बैठकीत, आठवणीतून लिहून काढतो. जुलै २०२३ मध्ये पाच वर्षं भरली, म्हणून परदेशातल्या अनुभवाचे दहा गुण धरतो.

मग कपाटातली फाइल उघडली जाते. ऑफर लेटरवर १ जुलै असलं, तरी तो रुजू झाला १६ जुलै २०१८ ला. रिलिव्हिंग लेटर ३० जून २०२१ चं. दुसरी नोकरी सुरू झाली ६ सप्टेंबरला, म्हणजे मध्ये दोन महिने तो घरी होता. १० जुलै २०२३ ला निमंत्रण आलं असं धरून बेरीज केली, तर अनुभव भरतो जेमतेम चार वर्षं नऊ महिने. तीन ते पाच वर्षांच्या आतल्या अनुभवाला पाचच गुण मिळतात. आणि निमंत्रणाच्या दिवशी दाखवलेले गुण कागदांवर सिद्ध झाले नाहीत, तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

इंजिनिअरांची पात्रता तपासणारी ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था अनुभवाची तपासणी करताना कंपनीच्या पत्रावर थांबत नाही. कर किंवा पीएफसारखा तिसऱ्याकडचा पुरावाही मागते. इथेच आपली मंडळी अडकतात. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख मे महिन्यातली टाकलेली असते, आणि पासबुक कोण कधी उघडून बघतं? अशी चूक कंपनी आणि कर्मचारी यांच्या संयुक्त अर्जाने दुरुस्त करता येते. पण त्याला वेळ लागतो, म्हणून ती आधीच शोधलेली बरी.

हुद्द्याचंही तसंच. पहिल्या वर्षी पत्रावर ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ असेल, तर बायोडेटात तीन वर्षं सलग ‘डिझाइन इंजिनिअर’ लिहून चालत नाही. दोन टप्पे, दोन तारखा, दोन हुद्दे वेगळे लिहायचे आणि प्रत्येक टप्प्यात प्रत्यक्ष काय केलं ते त्याच्याखाली सांगायचं. हुद्दा भारदस्त करण्यापेक्षा ‘फिक्स्चरचं ड्रॉइंग केलं, पहिला नमुना तपासला’ हे अधिक कामाचं. कामाचे अनुभव सांगणाऱ्या तीन लेखांतल्या तारखाही याच चौकटीत बसायला हव्यात. जुलै २०२१ मधला प्रकल्प पहिल्या कंपनीच्या नावावर दिसला, की तपासणारा थबकतोच.

रिकामे दोन महिने लपवायची गरज नाही. ‘१ जुलै ते ५ सप्टेंबर २०२१, नोकरीच्या शोधात’ एवढं एका ओळीत लिहिलं तरी पुरतं. तारीख खोडून नवं पत्र बनवणं मात्र महागात पडतं. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली, तर अर्ज फेटाळला जातो आणि सहसा पुढची तीन वर्षं तिथल्या बहुतेक व्हिसांचं दार बंद होतं.

चाकणच्या आपल्या इंजिनिअरने अजून अर्ज दाखल केलेला नाही. पाच वर्षं पूर्ण व्हायला त्याला अजून दोन-अडीच महिने थांबावं लागेल.