४२ नव्हे, ४० दिवस: शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे दोन दिवस फेब्रुवारीने कसे खाल्ले?

पुणतांब्यात राहणारी अकरावीची एक मुलगी. गोष्ट काल्पनिक आहे, हिशेब मात्र खरा.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख ५ मार्च, असं तिला २४ जानेवारीला कळलं. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं: जानेवारीचे उरलेले ७, फेब्रुवारीचे ३० आणि मार्चचे ५. एकूण ४२ दिवस. मग ती रोज एक आकडा खोडत गेली. कॅलेंडर पुन्हा पाहायची गरजच वाटली नाही.

फॉर्मसोबत उत्पन्नाचा दाखला अपलोड करावा लागतो. तहसील कार्यालयातून तो मिळायची ठरलेली मुदत १५ दिवसांची. ‘दोन दिवस हाताशी ठेवू’ म्हणून वहीत १७ उरले तेव्हा तिने दाखल्यासाठी अर्ज केला. ती तारीख होती १८ फेब्रुवारी.

पण त्या वर्षी फेब्रुवारी २८ दिवसांचा होता. म्हणजे खरे उरलेले दिवस १० अधिक ५, फक्त १५. राखून ठेवलेले दोन दिवस मुळात नव्हतेच. त्यात दुसऱ्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी. तहसीलने पूर्ण मुदत घेतली, तर दाखला ५ मार्चलाच हातात येणार, आणि त्याच दिवशी तो स्कॅन करून फॉर्म भरायचा. त्यात साइट अडकली की संपलं.

‘महिना म्हणजे ३० दिवस’ ही समजूत फक्त वहीत राहत नाही, कोर्टातही पोचते. हिमाचल प्रदेश सरकारच्या एका प्रकरणात निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिने होती आणि त्यावर जास्तीत जास्त ३० दिवसांची सवलत. सरकारला निवाडा मिळाला १२ नोव्हेंबर २००७ रोजी. हायकोर्टाने तीन महिने म्हणजे ९० दिवस धरले आणि अर्ज उशिरा आला असं ठरवलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं: कॅलेंडरनुसार तीन महिने १२ फेब्रुवारी २००८ ला संपतात. मोजून बघा, ते ९२ दिवस भरतात. इथेही फरक दोनच दिवसांचा, पण त्यावर अर्ज मुदतीत बसला.

आपल्या मुलीने मोजणी उलटी केली असती, तर घोळ झाला नसता. कॅलेंडर समोर ठेवून ५ मार्चपासून मागे यायचं. मार्चचे ५ दिवस गेले की आपण २८ फेब्रुवारीवर, आणखी १० मागे गेलो की १८ फेब्रुवारी. दाखल्याची मुदत इथेच संपली. आठवडाभर हाताशी हवा असेल, तर अर्ज ११ फेब्रुवारीला. वहीत ‘१७ दिवस उरले’ असं लिहिण्याऐवजी ही तारीखच लिहायची. लीप वर्ष असेल तर १२ फेब्रुवारी.