पडदा हिरवाच का होतो?

'बिग बक बनी' नावाचा एक छोटा कार्टूनपट आहे. एक गलेलठ्ठ ससा, त्याला छळणारे तीन टारगट प्राणी आणि मग सशाने उगवलेला सूड, एवढीच गोष्ट. ब्लेंडर फाउंडेशनने २००८ साली तो बनवला आणि सगळ्यांना फुकट डाउनलोड करता यावा म्हणून खुला ठेवला. त्यामुळे नवा टीव्ही किंवा नवा प्लेअर नीट चालतो का हे पाहायला लोक हाच ससा पळवतात. आज आपणही त्यालाच पळवू.

समजा, तुम्ही तो जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतलात. ससा बिळातून बाहेर येतो, आळोखेपिळोखे देतो आणि मध्येच अडकतो. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं. किंवा त्याहून विचित्र म्हणजे त्याच्या पोटावर हिरवेगार चौकोन उमटतात. नेटच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही, कारण फाईल आता तुमच्याच लॅपटॉपमध्ये आहे. मग अडतंय कुठे? आणि चौकोन हिरवेच का, लाल किंवा निळे का नाहीत?

आधी थोडा हिशोब करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एक चित्र झालं सुमारे ६ एमबीचं. सिनेमात अशी चित्रं सेकंदाला २४ लागतात. दहा मिनिटांच्या सिनेमाची होतात १४,४०० चित्रं आणि त्यांचं वजन भरतं जवळजवळ ९० जीबी! पण तुमची फाईल तर काहीशे एमबीचीच असते. उरलेलं सगळं गेलं कुठे?

ते कोडेकने वगळलं. व्हिडिओ आवळून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची ठरावीक पद्धत म्हणजे कोडेक. एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१ ही त्यातली गाजलेली नावं. त्यांची मुख्य युक्ती अशी की पूर्ण चित्र क्वचितच साठवायचं. ससा चालत असताना मागची टेकडी काही हलत नाही, मग ती दर वेळी कशाला लिहायची? एच.२६४ चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे ठोकळे पाडतो आणि प्रत्येक ठोकळ्यासाठी जवळपास सूचनाच लिहून ठेवतो: 'आधीच्या चित्रातला अमुक तुकडा घे, पाच ठिपके उजवीकडे सरकव, थोडा उजळ कर.' अधूनमधून, बहुधा काही सेकंदांनी, एक पूर्ण चित्र येतं. त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधली सगळी चित्रं शेजारच्या चित्रांच्या आधाराने उभी असतात.

आता अडखळण्याचं कोडं सुटेल. सेकंदाला २४ चित्रं म्हणजे एकेका चित्राला सुमारे ४२ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सगळे ठोकळे उलगडून पडद्यावर आले पाहिजेत. नाही जमलं, तर प्लेअर ते चित्र टाकून पुढे पळतो. आपल्याला दिसतो तो हाच धक्का. या सशाची ४के, सेकंदाला ६० चित्रांची आवृत्तीही मिळते. तिच्यात ठिपके चौपट आणि चित्रं अडीचपट, म्हणजे दर सेकंदाला दहापट काम!

मग एवढ्याशा फोनवर ४के व्हिडिओ झरझर कसा चालतो? फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला एक वेगळा कोपरा राखलेला असतो, त्याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. दिवाळीतला चकलीचा सोऱ्या आठवा. पीठ भरलं, दाबलं की भराभर चकल्या पडतात. पण चकली पडते ती आत बसवलेल्या चकतीसारखीच. हाताने हव्या त्या आकाराची करता येईल, पण वेळ लागेल आणि हात भरून येतील. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर म्हणजे तो हात. कोणताही कोडेक त्याला जमतो, पण धापा टाकत. हार्डवेअर डिकोडर म्हणजे सोऱ्या, आणि याची चकती कारखान्यातच कायमची बसवलेली! एचईव्हीसी कोडेक २०१३ साली आला आणि एव्ही१ २०१८ साली. त्याआधीच्या चिपमध्ये त्यांची चकती असणार तरी कशी? मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि ससा अडखळतो. फाईलच्या नावामागचं '.mp4' पाहून यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच नावाच्या फाईलमध्ये आत यांपैकी कोणताही कोडेक असू शकतो.

हिरव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला तीच जास्त आवडते. व्हिडिओत लाल, हिरवा, निळा असे रंग साठवलेलेच नसतात. साठवतात ते उजेडाचा आकडा Y, आणि रंगाचे दोन आकडे Cb आणि Cr. रंगाच्या आकड्यांत 'काहीच रंग नाही' हे सांगायला शून्य नव्हे, तर १२८ लिहितात! पडद्यावर दाखवताना त्यांचे पुन्हा तीन रंग करतात, ते असे:

```
R = Y + 1.402 × (Cr − 128)
G = Y − 0.344 × (Cb − 128) − 0.714 × (Cr − 128)
B = Y + 1.772 × (Cb − 128)
```

आता एखादा ठोकळा उलगडलाच नाही, आणि त्याची मेमरीतली जागा कोरी, म्हणजे सगळे शून्य राहिली, तर? तिन्ही अक्षरांच्या जागी शून्य घाला. लाल येतो उणे १७९, निळा उणे २२७. शून्याहून कमी उजेड पडद्याला दाखवता येत नाही, म्हणून दोघेही शून्य. हिरवा मात्र येतो अधिक १३५! म्हणजे आपल्याला दिसणारा हिरवा चौकोन ही न भरलेली जागा आहे. (ही जुन्या टीव्हीची सूत्रं. एचडीत आकडे थोडे बदलतात आणि हिरवा जरा गडद होतो, पण असतो हिरवाच. काही प्लेअर अशा जागी मुद्दाम १२८ भरतात, तिथे राखाडी दिसतो.)

जागा कोरी राहायची कारणं मुख्यतः दोन. एक तर डाउनलोड अर्धवट झाला आणि फाईलचा एखादा तुकडा आलाच नाही. मग त्या तुकड्याच्या आधाराने उभी असलेली पुढची चित्रंही बिघडतात आणि पुढचा आय-फ्रेम आला की सगळं एकदम स्वच्छ होतं. किंवा फाईल चांगली असते, पण हार्डवेअर डिकोडर चालवणारा ड्रायव्हर गोंधळलेला असतो.

यातलं कोणतं, ते घरीच ओळखता येतं. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर `Tools` मध्ये `Codec Information` उघडा, तिथे आतल्या कोडेकचं नाव दिसेल. शेजारच्या `Statistics` मध्ये `Lost` चा आकडा वाढत असेल, तर चित्रं वेळेत तयार होत नाहीयेत. हिरव्यासाठी `Preferences` मधल्या `Input / Codecs` मध्ये जाऊन `Hardware-accelerated decoding` हे `Disable` करा आणि व्हिडिओ पुन्हा लावा. हिरवा गेला, तर दोष ड्रायव्हरचा, तो अपडेट करून पाहायचा. त्याच मिनिटाला, त्याच जागी तो पुन्हा उमटला, तर फाईलच खराब. ती पुन्हा उतरवून घ्या. ड्रायव्हर कितीही बदललात तरी फाईलमध्ये नसलेला तुकडा येणार नाही.

कधी चित्र सगळं छान असतं आणि फक्त तळाशी एक बारीक हिरवी पट्टी दिसते. १०८० ला १६ ने भागून पाहा. ६७ ठोकळे होतात आणि अर्धा उरतो! अर्धा ठोकळा करता येत नाही, म्हणून एच.२६४ मुकाट्याने ६८ ठोकळ्यांच्या, म्हणजे १०८८ ओळी साठवतो आणि खालच्या ८ ओळी दाखवू नका अशी सूचना फाईलमध्ये ठेवतो. पट्टी दिसली, तर समजा कुणीतरी ती सूचना वाचलीच नाही.